निळी वर की खाली

इस्पितळाचे संगणक ती सांभाळायची, आणि तिथे तिला सगळे बॅटरीबाई म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. संगणकांच्या खोलीतल्या बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्यात, बदला, हे ती दर बैठकीत सांगायची. व्यवस्थापक दर वेळी मान डोलवायचे. मान डोलवायला पैसे पडत नाहीत, म्हणून ते त्या बाबतीत फार उदार होते.

भर दुपारी वीज गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत बॅटऱ्यांनी तग धरायचा, एवढंच त्यांचं काम; पण त्यांनी एक आचका दिला आणि मान टाकली. मोठं यंत्र, म्हणजे सर्व्हर, धाडकन बंद पडलं. त्या एका यंत्राच्या पोटात तीन आभासी यंत्रं नांदत होती: एक नोंदणीचं, एक औषधांच्या दुकानाचं आणि एक पॅथॉलॉजीचं. वीज आल्यावर पहिली दोन डोळे चोळत उठली. तिसरं अर्ध्यातच अडलं. फाइल सिस्टीम बिघडली आहे, हाताने दुरुस्त करा, असं पडद्यावर लिहून ते गप्प बसलं.

व्यवस्थापक मागे येऊन उभे राहिले. दुरुस्तीची आज्ञा द्यायची, सगळ्याला हो म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, असं त्यांना कुणीतरी फोनवर सांगितलं होतं. बाईने ते यंत्र पूर्ण बंद केलं आणि त्याच्या आख्ख्या डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवायला लावली. दुरुस्ती म्हणजे जुळत नाही ते कापणं; एकदा कापलेलं परत शिवता येत नाही. म्हणून मूळ बाजूला ठेवायचं आणि काय ती चिरफाड प्रतीवर करायची. पण एवढं समजावून सांगायचं त्राण तिच्यात नव्हतं. ती इतकंच म्हणाली, "वेळ लागेल. तुम्ही चहा घेऊन या."

वेळ लागलाच. तिने शेजारच्या काकूंना फोन करून आईच्या डोळ्यांत थेंब घालायला सांगितलं. "आजही का गं?" काकूंनी विचारलं. त्या 'ही'मध्ये सगळं आलं.

प्रत उतरल्यावर तिने ती एका धडधाकट यंत्राला जोडली. आधी नुसती तपासणी केली, काही न बदलता. मग खरी दुरुस्ती. जुन्या दिवसांचे रिपोर्ट जागच्या जागी निघाले. त्या दिवशीचं फोल्डर मात्र फाटलं होतं. त्यातल्या फाइली हरवलेल्यांच्या कप्प्यात येऊन पडल्या, नावं पुसून, नुसत्या आकड्यांनी. आदल्या रात्रीच्या बॅकअपमध्ये त्या असण्याचा प्रश्नच नव्हता.

त्या फाइली म्हणजे पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांचा आवाज होता. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा पॅथॉलॉजीत आला की डॉक्टर तो कापण्याआधी निरखत आणि बोलून ठेवत: केवढा, कसा, कुठल्या कडेला कुठली शाई लावली. रुग्णाचा नंबर ते बोलत नसत. फाइलच्या नावात असतो की, मग कशाला घसा कोरडा करायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आणि डॉक्टर दोघं ऐकायला बसले. नावं गेली तरी प्रत्येक फाइलीवर वेळ शाबूत होती, त्यामुळे बाईने क्रम लावून दिला. डॉक्टर एकेक ऐकत, फडताळावरच्या बरण्यांत उरलेला तुकडा पाहत आणि नंबर सांगत. दमलेल्या माणसाला स्वतःचाच आवाज ऐकायला लावणं ही शिक्षाच. पहिल्या चार-पाचनंतर ते म्हणाले, मी इतकं नाकात बोलतो हे तुम्ही लोकांनी कधी सांगितलं नाही.

एक मोठी फाइल उलगडली, मग आणखी एक. सगळं जुळत आलं. शेवटची तेवढी उघडेना. आकार बरोबर होता, वेळ वीज जाण्याच्या जरा आधीची होती, आणि आत नुसती शून्यं. बाईने मूळ डिस्कची आणखी एक प्रत काढून तिथेही शोधलं. शून्यंच. जे डिस्कवर कधी पोचलंच नाही ते कुठून उकरणार.

तो तुकडा एका बसकंडक्टर बाईच्या गालावरचा होता. एवढासा, सगळाच्या सगळा सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेसाठी वापरलेला. बरणीत काही उरलं नव्हतं. त्याच्या दोन कडांना दोन शाया लावल्या होत्या, निळी आणि काळी. तिसऱ्या दिवशी काच तयार झाली. रोग काळ्या कडेपर्यंत पोचला होता. आता काळी म्हणजे डोळ्याकडची बाजू की ओठाकडची, हे फक्त त्या फाइलीला ठाऊक होतं. कळलं तर तेवढ्याच बाजूला पुन्हा कापायचं. नाही कळलं तर दोन्हीकडे.

"निळी वर," डॉक्टर म्हणाले. "मी नेहमी निळी वर लावतो. लिहून टाकू."

सर्जनला हवं म्हणून डॉक्टरांनीच त्याच दिवसाची आधीची एक फाइल पुन्हा लावली, दुसऱ्या कुणाच्या तरी पाठीवरचा तुकडा. त्यांचा नाकातला आवाज म्हणाला, सर्जनने खुणेला घातलेला टाका उलट्या बाजूला आहे, म्हणून या वेळी निळी खाली. डॉक्टरांनी ते थांबवलं, परत ऐकलं. हे आपण बोललो होतो, कालच ऐकलंही होतं, तरी त्यांना त्याची गंधवार्ताही नव्हती.

ते म्हणाले, "हेच आठवत नाही, तर ते काय डोंबल आठवणार. ताई, आठवणीवर मी कुणाचा गाल नाही कापायला लावणार."

त्यांनी सर्जनला फोन करून कड सांगता येत नाही म्हणून कळवलं.

दरम्यान बाईला यंत्राचं दुखणं सापडलं होतं. यंत्र बसवणाऱ्याने वेग दिसावा म्हणून मोठ्या यंत्राला एक सवय लावून ठेवली होती. आतल्या यंत्राने 'हे आत्ताच्या आत्ता डिस्कवर लिही' म्हटलं की ते माहिती नुसती मेमरीत धरून 'लिहिलं' म्हणायचं. वीज असेपर्यंत ही थाप खपते. तिने ती सवय मोडली. आता डिस्कवर उतरल्याशिवाय 'लिहिलं' म्हणायचं नाही. बॅटऱ्या नव्या आल्या, आणि त्या संपत आल्या की आतली यंत्रं नीट बंद करून मग मोठं बंद व्हावं, अशी जोडणी तिने केली. दर रेकॉर्डिंग लगेच दुसऱ्या यंत्रावर जाऊ लागलं. मग भर दिवसा सगळ्यांसमोर वीज तोडून तिने हे करून पाहिलं. नोंदणीची मुलगी म्हणाली, पडदा पूर्वीपेक्षा रेंगाळतो. व्यवस्थापकांनी वेग पूर्ववत करता येईल का विचारलं. बाई नाही म्हणाली. तिला राग यायला हवा होता, पण तेवढीही ताकद शिल्लक नव्हती.

कंडक्टर बाई आली तेव्हा डॉक्टरांनी बॅटरीबाईलाही बोलावून घेतलं. संगणकाचं विचारलं तर मला सांगता येणार नाही, म्हणाले.

कंडक्टर बाई ड्यूटी संपवून थेट आली होती. गालावर पट्टी होती. डॉक्टरांनी काही न लपवता सांगितलं: वीज गेली, नोंद गेली, चूक आमची, आता दोन्हीकडून थोडं थोडं काढावं लागेल.

"म्हणजे डोळ्यापाशीही?" तिने विचारलं.

"हो," डॉक्टर म्हणाले.

ती पट्टीच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग बॅटरीबाईकडे वळली. "आणि तुमचं मशीन? ते झालं का बरं?"

"झालं," बॅटरीबाई म्हणाली.

"बरं झालं," कंडक्टर बाई म्हणाली, आणि तारीख घ्यायला उठली.