टेप, पेस्ट आणि तीनचं पाणी

तारापूरच्या कारखान्यात देखभालीची रोजची यादी मी करते. त्या शनिवारी यादीत होतं: थंड पाण्याच्या लाइनच्या वळणावरचा एल्बो बदलणे, तीन वाजता पाणी सोडणे. आमच्या फिटरला चारला निघायचं होतं. वाणगावला त्याच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते.

त्याने पाइपच्या आट्यांवर टेप गुंडाळून एल्बो घट्ट केला. एल्बोचं तोंड पुढच्या पाइपच्या रेषेपेक्षा जरासं पुढे गेलं. मी म्हटलं, "थोडा मागे फिरवा."

"मागं घेतला तर टेप फाटंल, मॅडम. गळनार."

"पाव फेरा तर आहे."

त्याने फिरवला. तपासायला थोडं पाणी सोडताच थेंब पडू लागले.

मग त्याने आटे ब्रशने साफ करून टेपऐवजी गळती रोखणारी पेस्ट लावली. पेस्ट ओली असेपर्यंत एल्बो थोडा मागे घेता येतो, पण ती कडक होईपर्यंत पाणी सोडायचं नसतं. "उद्या सकाळी सोडा," तो म्हणाला. मी यादी पाहिली आणि तीनला व्हॉल्व्ह उघडला. ओली पेस्ट पाण्याबरोबर बाहेर आली.

तो पाना घेऊन पुन्हा खाली बसला. "यादीला तुमच्या सांगा, पेस्टला घाई चालत नाय."

नवी पेस्ट लावून तिसऱ्यांदा जोड बसला तेव्हा पावणेचार झाले होते. मी व्हॉल्व्हला कुलूप घातलं आणि लाइन उद्या सुरू होईल असं प्रॉडक्शनला फोन करून सांगितलं. त्यांची बोलणी खाल्ली.

"तुम्ही निघा," मी त्याला म्हटलं. "चूक माझी होती."

तो चिकट हात चिंधीला पुसत गेटकडे निघालासुद्धा होता.