‘का घेताय?’ची बदलत गेलेली उत्तरं

राजारामपुरीत एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं शेअर दलालीचं ऑफिस आहे. तिथं मी गेली बरीच वर्षं डीलर आहे. म्हणजे ग्राहक फोनवर किंवा समोर बसून सांगतो, आणि मी त्याची ऑर्डर मशीनवर टाकते. सल्ला देणं माझं काम नाही. पण ऑर्डर टाकण्याआधी "का घेताय?" असं विचारायची मला सवय लागली आहे. माणूस उत्तर देताना थोडा थांबतो, आणि त्या थांबण्यात बरंच काही कळतं.

शिरोळकडचे एक जनावरांचे डॉक्टर आमचे जुने ग्राहक. पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. वर्षातून चार-दोनदा यायचे, शेअर घ्यायचे आणि विसरून जायचे. मी विचारलं की नीट सांगायचे, "कंपनीवर कर्ज न्हाई ताई. माल खपतोय. दहा वर्षं ठेवायचाय." मला त्यांची ऑर्डर टाकायला बरं वाटायचं.

मग बाजार चढत गेला. एक छोटी कंपनी रोज वर जात होती. डॉक्टरांच्या दूध संघातल्या दोघांनी ती आधीच घेतली होती, आणि त्यातल्या एकानं नवी गाडी दारात आणून उभी केली. एका सकाळी डॉक्टर न कळवता आले. अंगाला अजून गोठ्याचा वास होता.

"तो शेअर घ्या," ते म्हणाले.

"का घेताय?"

"सगळ्यांनी घेतलाय की! मी एकटाच राह्यलोय."

ते पहिल्यांदाच कंपनीबद्दल न बोलता लोकांबद्दल बोलले. मी तसं सांगितलंही. "डॉक्टर, कंपनी काय बनवते ते तरी बघितलंय का?" ते हसले. "बघतो की नंतर. आज पण वर चाललाय, हातचा जाईल." मी ऑर्डर टाकली. माझ्या मागे आमचे मालक उभे होते. त्यांनी डॉक्टरांना चहा मागवला. प्रत्येक सौद्यावर ऑफिसला दलाली मिळते, मग ग्राहकाला नफा होवो की तोटा.

शेअर थोडे दिवस चढला आणि उतरायला लागला. डॉक्टरांनी आणखी घेतला, म्हणजे सरासरी भाव खाली येईल. पुन्हा उतरला, पुन्हा घेतला. त्यासाठी पैसे कुठून आणले, तर जे जुने चांगले शेअर नफ्यात होते, ते विकून. मला ते बघवेना.

"डॉक्टर, फायद्यातलं विकताय आणि तोट्यातलं सांभाळताय."

"फायदा तरी हातात येऊ दे. आणि ह्यो विकला तर तोटा पक्का होतो. न विकता नुसता कागदावर हाय."

"बरं, हा शेअर तुमच्याकडे नाहीच असं समजा. आजच्या भावाला आज नव्यानं घ्याल का?"

मी काहीतरी अपशकुनी बोलल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "आमच्या धंद्यात म्हस वाचणार न्हाई हे दिसत असतंय. मालक म्हणतो, इतका खर्च केलाय, आणखी एक सुई द्या. मी सरळ सांगतो, झालेला खर्च इसरा, पुढचा वाचवा." मला वाटलं, आता कळलं. पण ते उठताना म्हणाले, "पर शेअर म्हणजे काय म्हस न्हाई."

त्यानंतर तो शेअर लोअर सर्किटला लागला. असल्या शेअरला दिवसात किती पडायचं याची मर्यादा असते. तिथं पोचला की विकणारे हजार, घेणारा कुणी नाही. डॉक्टर समोरच्या खुर्चीत बसून विकायची ऑर्डर लावायचे आणि ती तशीच पडून राहायची. स्क्रीनवर एकच आकडा, न हलणारा. ऑफिसात पंख्याचा आवाज तेवढा यायचा. मालकांनी त्या दिवसांत चहा मागवला नाही.

मग डॉक्टर ऑप्शनकडे वळले, म्हणजे शेअर न घेता तो चढेल की पडेल यावरचा ठरावीक मुदतीचा सौदा. थोड्या पैशात मोठा खेळ, आणि मुदत संपताना किंमत शून्यही होऊ शकते. आधी आठवड्यातून एक सौदा, मग रोज एक, मग दिवसभर. घेतलं, विकलं, परत तेच घेतलं. तोटा झाला की पुढचा सौदा आधीच्यापेक्षा मोठा, आणि दोन सौद्यांमधलं अंतर आधीपेक्षा कमी. नफा झाला तरी दलाली आणि कर त्याला कुरतडायचे. एकदा स्टॉपलॉस लावला होता, म्हणजे ठरलेल्या भावाला तोटा थांबवून बाहेर पडायची ऑर्डर. भाव जवळ येताच त्यांनी फोन केला.

"ती काढा."

"तुम्हीच शांत डोक्यानं लावली होती."

"काढा म्हणतोय न्हवं!"

फोनवरचं बोलणं रेकॉर्ड होतं. सांगितलेलं करणं मला भाग होतं. मी ती काढली. मग विचारलं, "डॉक्टर, आता सौद्यात का थांबताय?"

"माझं गेलेलं परत आणायचंय."

आता त्यांच्या उत्तरात कंपनी नव्हती, लोकही नव्हते. फक्त ते स्वतः होते. बाजाराला त्यांचं काय गेलं हे ठाऊक नव्हतं, हे त्यांना सांगायला मी तोंड उघडलं, पण फोन बंद झाला होता.

पुढं त्यांचे फोन आले नाहीत. त्यांनी दुसरीकडे मोबाइलवर खातं उघडलं होतं. तिथं कुणी काही विचारत नाही. मालक म्हणाले, "चांगला ग्राहक घालवलात मॅडम." रोज सकाळी बाजार उघडला की ते आता काय करत असतील असं मनात यायचं.

पावसाळा संपता संपता ते आले. वाळलेले दिसत होते. बसले आणि आपणहून सांगू लागले. जयसिंगपूरच्या रस्त्याला एका गोठ्यात गाय अडली होती. वासराची मान वळलेली, हात आत घालून ते ती सरळ करत होते. खिशातला फोन थरथरला. सौदा अजून उघडा होता, विकून बाहेर पडायचं राहिलं होतं.

"मी हात बाहेर काढला ताई. फोन बघितला. बोटावरचं रगत स्क्रीनला लागलं म्हणून परत पुसला, परत बघितला. वासरू गेलं. गाय जगली. गाईचा मालक नुसता माझ्या हाताकडं बघत हुता."

मी पाणी पुढं केलं. त्यांनी घेतलं नाही.

त्यांनी मोबाइलवरचं ऑप्शनचं खातं बंद करून घेतलं होतं. आमच्याकडे अडकलेल्या त्या शेअरला आता गिऱ्हाईक मिळत होतं, तो त्यांनी सगळा विकायला सांगितला. "आज हा नव्यानं घेणार न्हाई, मग ठेवायचा कशाला," ते म्हणाले. ऑर्डर पूर्ण झाल्याचं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मला सुटल्यासारखं वाटलं.

ते फार टिकलं नाही. पुढच्याच आठवड्यात तो शेअर चढला. दुसऱ्या दिवशीही चढला. दुपारी फोन वाजला.

"बघितला का ताई? मी विकला आणि वर गेला की हो!"

आवाज तोच होता, पूर्वीचा, घाईचा. मागं कुठंतरी जनावर हंबरत होतं, कुणीतरी "डॉक्टर, या की" म्हणून हाक मारत होतं.

"घ्यायचाय का?" मी विचारलं. "आणि का?"

मला फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता. परत हाक आली, आधीपेक्षा मोठ्यानं.

"फोन ठेवतो," ते म्हणाले आणि बंद केला.

त्या दिवशी आमच्याकडे त्यांच्या नावावर सौदा झाला नाही. दुसरीकडे झाला की नाही, ते मला कळायला मार्ग नाही.