सापडणारं शीर्षक
संशोधक राग्नहिल्डचा, उत्तर नॉर्वेतल्या लेस्टाडियन या ख्रिस्ती पंथातल्या स्त्रियांवरचा 'किटलीभोवतीची ऊब' हा लेख सहा वर्षांत कुणीच वाचला नव्हता. आता तिला त्याच विषयावरचा नवा लेख धर्म-अभ्यासाच्या नियतकालिकाला पाठवायचा होता. विद्यापीठाचा ग्रंथपाल तुर्गेर याने सूचीत 'लेस्टाडियन पंथ, स्त्रिया' असं शोधलं. तिचा जुना लेख आलाच नाही.

"किटल्या विकणाऱ्याला सापडेल!" तुर्गेर म्हणाला.

"मग नव्याला 'नॉर्वेतील स्त्रियांची श्रद्धा' असं शीर्षक देते," ती चिडली.

"भेटलीस किती जणींना?"

"अकरा. लिंगेन भागातल्या दोन गावांतल्या."

दातओठ खात तिने लिहिलं: 'लिंगेनमधील दोन गावांतील लेस्टाडियन स्त्रियांच्या घरगुती प्रार्थनासभा, १९५०–७०'. शोधशब्दांत शीर्षकात नसलेले शब्दच घातले: पुनरुज्जीवन चळवळ, मौखिक इतिहास, उत्तर नॉर्वे.

"सरकारी फायलीसारखं वाटतंय," ती म्हणाली.

"फायली सापडतात तरी."

तिने लेख पाठवला आणि निघून गेली.