कमळाला सुधारायचं नाही

मी आणि कमळा कोकमासाठी रातांबे फोडायला बसलो होतो. अर्धी पाटी फोडून झाली होती, अर्धी तशीच होती, एवढ्यात समोरच्या बालवाडीच्या नम्रताबाई पायऱ्या चढून वर आल्या. कमळा सालं रसात बुडवत होती. ती लाल हात तसेच धरून उभी राहिली. नम्रताबाई तिच्याचसाठी आल्या होत्या, पण तिच्याशी बोलायला नव्हे.

"योगिनी आहे का घरात?" त्यांनी मला विचारलं. "दोनच मिनिटं हवीत तिची."

कमळा म्हणजे आमच्या बागेच्या राखणदाराची बायको. नेपाळात सुर्खेतच्या बाजूची. तिचा नवरा टेकबहादूर आधी मुंबईत एका इमारतीवर पहारा करायचा, तिथे ती हिंदी शिकली. मग दोघं आमच्याकडे आली आणि बागेतल्या चिऱ्याच्या खोलीत राहिली. मुलगी सिर्जना इथल्या शाळेत जायला लागली. सकाळी माझी देवपूजा आटोपेपर्यंत कमळाने अंगण झाडून, प्राजक्ताची फुलं परडीत घालून ठेवलेली असायची. फुलांना पारोसा हात लावायचा नाही, हे तिला मला कधी सांगावं लागलं नाही.

यंदा आमच्या घरच्यांनी बाग ठेक्याने दिली. ठेकेदार स्वतःची माणसं आणणार, म्हणजे आंबा उतरला की खोली रिकामी करायची. टेकबहादूर गावाला परत जायचं म्हणत होता. कमळाला जायचं नव्हतं. बालवाडीत मदतनीस हवी होती, मागे राहायला एक खोली होती, आणि तिथे राहिली तर सिर्जनाची शाळा सुटणार नव्हती. काम तिला जमणारं होतं. नम्रताबाईंना शंका होती ती एकाच गोष्टीची, तिच्या मराठीची.

आणि कमळाच्या मराठीविषयी विचारायचं तर आमच्या योगिनीलाच.

योगिनी माझी धाकटी जाऊ. कॉलेजात शिकवते. तिची पीएचडी दुसरी भाषा शिकणाऱ्या माणसांवर आहे, आणि त्यातलं एक माणूस म्हणजे कमळा. दर काही आठवड्यांनी योगिनी तिला पडवीत बसवायची, पुढ्यात चित्रं मांडायची. एक मुलगा, एक कुत्रा, टोपली, विहीर. अक्षर एकही नाही. कमळाने त्या चित्रांची गोष्ट सांगायची आणि योगिनीने फोनवर रेकॉर्ड करायची.

पहिल्याच दिवशी योगिनीने घरात सगळ्यांना सांगून ठेवलं, "कमळाला सुधारायचं नाही. ती काय बोलेल ते बोलू दे. तुम्ही शिकवलंत की माझा डेटा बिघडला."

माझे दीर नितेश जेवता जेवता म्हणाले, "म्हणजे तिने मराठीचा खून केला तरी आम्ही पोलिसात जायचं नाही?"

"तो खून नाही," योगिनी म्हणाली. "तिच्या डोक्यात तिचं स्वतःचं व्याकरण चालू असतं. ते मराठी नाही, नेपाळीही नाही, मधलंच काहीतरी आहे. त्याला आंतरभाषा म्हणतात. त्याचे नियम असतात. आपल्याला त्या चुका वाटतात, तिच्या नियमाने ते बरोबरच असतं."

मला ते ऐकून बरं वाटलं होतं. आपल्या दारात राबणाऱ्या बाईबद्दल इतक्या मानाने कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

योगिनीला समजावून सांगायची हौस. कमळा म्हणायची, "घर मोठा आहे," "माझी पुस्तक." मी म्हटलं, "नेपाळीत असंच असेल." योगिनी म्हणाली, "नाही ना ताई. नेपाळीत घराला, पुस्तकाला बोलताना बाई-पुरुष काही लावत नाहीत. हे तिने हिंदीतून उचललंय. हिंदीत घर तो, पुस्तक ती. मराठी तिला हिंदीसारखी वाटते, म्हणून ती आईची भाषा सोडून हिंदीतलं सामान इकडे आणते." कमळा "मीने सांगितलं" म्हणायची, ते मात्र नेपाळी आणि हिंदी दोन्हीकडून. दोन्ही भाषांत तिथे प्रत्यय लागतो, आपल्यात 'मी' कोरडाच राहतो.

मग एका पावसाळ्यात तिचं बोलणं बिघडल्यासारखं झालं. आधी ती "मी भात केला" असं नीट म्हणायची. आता "मीने भात करला" म्हणायला लागली. मला वाटलं, पोरगी मागे गेली. योगिनी तर खूश. "ताई, आधीचं 'केला' तिने पोपटासारखं उचललं होतं. आता तिला नियम सापडलाय आणि ती तो सगळीकडे लावतेय. 'करला' नेपाळीतही नाही, हिंदीतही नाही. आपली मुलंसुद्धा लहानपणी असंच म्हणतात. वरून खाली आली की समजायचं ती शिकतेय. नंतर पुन्हा वर जाईल."

आणि झालंही तसंच. यंदा आंब्याला मोहोर आला तेव्हापासून कमळा सिर्जनाच्या अभ्यासाला बसायची. पोर मोठ्याने वाचायची, ही ऐकायची. एक दिवस मला म्हणाली, "काकी, मी भात केला, आमटी तुम्ही करा." मी देवासमोर वात लावत होते. तिचं 'केला' परत आलं होतं. मागल्या महिन्यातल्या रेकॉर्डिंगमध्येही ती नीटच बोलली. "मुलाने टोपली उचलली. घर मोठं होतं." योगिनीने फोन बंद केला आणि तोंड वाकडं केलं.

"पाठ करून आलीय," ती मला आत येऊन म्हणाली. "हे मी धरणार नाही."

"पाठ कशाने करेल गो? चित्रं तू आजच नवी आणलीस ना?"

"ताई, माझ्या सरांना कमळा स्थिर हवीय. एवढी वर्षं राहूनही जिची भाषा पुढे सरकली नाही, अशी. तो माझा पाचवा चॅप्टर आहे. आता ती सरकायला लागली तर मी काय लिहू?"

तर त्या दिवशी नम्रताबाई आत येऊन बसल्या. मी चहा टाकला. कमळा स्वयंपाकघराच्या दाराशी थांबली. योगिनीने तिला पाहिलं होतं. पाहूनही ती बोलली.

"बाई चांगली आहे," नम्रताबाई म्हणाल्या. "मुलांना तिचा लळा लागेल. पण पालक विचारतात, मुलं हिच्यासारखं बोलायला लागली तर? तुझा तर अभ्यासच आहे. वर्षभरात सुधारेल का?"

योगिनीने चहाचा कप खाली ठेवला. "खरं सांगू? नाही सुधारणार. काही शिकणाऱ्यांची भाषा एका जागी थिजते. कितीही ऐकलं, बोललं तरी तिथेच राहते. कमळाची थिजलेली आहे."

"अगदीच?"

"माझ्याकडे रेकॉर्डिंग्ज आहेत."

मी म्हटलं, "योगिनी, मागच्या वेळेला तर ती—"

"ताई, चहात साखर कमी आहे," योगिनी म्हणाली.

नम्रताबाई सुटल्यासारख्या उठल्या. नाही म्हणायला त्यांना शास्त्र मिळालं होतं. जाताना त्यांनी कमळाच्या दंडावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नकोस हो. दुसरीकडे बघ काहीतरी, जिथे फार बोलावं लागत नाही असं."

त्या गेल्या. कमळा बाहेर येऊन योगिनीसमोर उभी राहिली. मला वाटलं रडेल, पण ती रडली नाही.

"मॅडम, थिजली म्हणजे काय?"

"ते अभ्यासातलं असतं कमळा. तुला नाही कळणार."

"तूप थिजते, ते?"

योगिनीने कप उचलून बाजूला ठेवला.

"मीने तर शिकलं," कमळा म्हणाली, आणि मग तिचा बांध फुटला. "मीने रोज शिकलं. सिर्जना वाचली, मीने ऐकलं. तुम्ही बोलले इथे बसा, मीने बसलं. तुम्ही बोलले गोष्ट सांगा, मीने सांगलं. आता माझी घर नाही राहिली. सिर्जनाची शाळा जाईल. मॅडम, बाईंना सांगा ना, मीने चांगला काम करल."

मागल्या महिन्यात नीट बसलेलं सगळं बोलणं एका दमात विस्कटून गेलं. 'मीने' परत आलं, आणि 'माझी घर' तर आता धड हिंदीतलंही राहिलं नव्हतं. मी पदर तोंडाला लावला.

योगिनीने टेबलावरचा फोन जवळ ओढला आणि त्यावर बोट दाबलं. लाल ठिपका लागला.

"थांब," ती मऊ आवाजात म्हणाली. "पहिल्यापासून सांग. काय काय शिकलीस तू?"

कमळाला वाटलं मॅडम आता ऐकणार. तिने पहिल्यापासून सांगितलं. हात जोडून सांगितलं. योगिनी मान डोलवत राहिली, मध्ये एकदा "हं, मग?" म्हणाली. सगळं संपल्यावर तिने फोन बंद केला. "बघते मी नम्रताशी बोलून," म्हणाली. ती बोलली नाही, बोलणारही नव्हती.

कमळा गेल्यावर मला म्हणाली, "बघितलंत ताई? माणूस घाबरला, चिडला की लक्ष सुटतं आणि जुनं सगळं वर येतं. घसरण म्हणतात याला. भाषा थिजल्याची हीच तर खूण. मागचं ते नीट बोलणं वरवरचंच होतं."

"तू तिला घाबरवलंस म्हणून घसरली ती."

"कारण कुठलंही असो, डेटा डेटाच असतो."

मी देवघरात जाऊन बसले. स्तोत्र म्हणायला घेतलं, दोनदा ओळ चुकली. मला कुणी त्यासाठी थिजलेली म्हटलं नाही.

पाचवा चॅप्टर सरांना फार आवडला. योगिनीने पेढे आणले आणि एक कमळाच्या हातावरही ठेवला, "तुझ्यामुळे झालं हो," म्हणाली. कमळाने तो देवासमोर ठेवला आणि नमस्कार केला. तिला त्यात काय लिहिलंय ते कुणी सांगितलेलं नव्हतं. मी सांगितलं. सांगायला नको होतं की काय, ते देवीलाच ठाऊक, पण बाईने स्वतःच्या नावावर काय लागलंय ते न कळता निघून जावं हे मला बघवेना. तिने ऐकून घेतलं. "माझं नाव लिहिलंय?" एवढंच विचारलं.

"नाव नाही. नुसतं 'क' असं आहे."

"बरं झालं," ती म्हणाली.

त्या दिवसापासून ती आमच्याकडे मराठीचं एक वाक्य बोलत नाही. मी विचारते मराठीत, ती उत्तर देते हिंदीत, तेही दोन-तीन शब्दांचं. काल योगिनी तिला म्हणाली, "जायच्या आधी एक शेवटचं रेकॉर्डिंग देऊन जा गो." टेकबहादूरचा शेवटचा हिशेब अजून आमच्या घरच्यांकडून व्हायचा आहे, म्हणून कमळा पडवीत बसली. चित्रं पुढे ठेवल्यावर तिने एकेका चित्रावर बोट ठेवलं. "मुलगा. कुत्रा. टोपली. विहीर." आणि उठली.

"अशी काय करतेस? नेहमीसारखं बोल ना," योगिनी म्हणाली.

"इतनाच आता है, मॅडम."

योगिनीने तेही लिहून घेतलं.

परवा रात्रीच्या गाडीने ती तिघं निघणार. गावाला तिघंही सिर्जनाच्या आजीकडे राहतील, तिथली शाळा दोन डोंगर पलीकडे आहे म्हणे. उद्या सकाळी कमळाला सिर्जनाचा शाळा सोडल्याचा दाखला काढायला शाळेत जायचं आहे.