काळ्या फिल्मवरची मिरची

भोकरदनच्या बाजारपेठेतला छापखाना बंद पडला तेव्हा धर्मराजनं चाळिशी ओलांडली होती. मिसरूड फुटायच्या वयापासून तो तिथं कंपोझिटर होता. लग्नपत्रिका, बाजार समितीच्या पावत्या, शाळेच्या चाचणीचे पेपर, अक्षरांचे सगळे खिळे त्याच्या बोटांनी जुळवलेले. मग गावात कॉम्प्युटर आले, छापखान्यात काम येईना, आणि एके दिवशी मालकानं शिशाचे खिळे वजनावर विकून टाकले. धर्मराज चारसहा महिने भावाच्या शेतात राबला. कंबर साथ देईना. शेवटी त्याची बायको सुगंधाबाईच म्हणाली, "अक्षराचंच काम येतंय तुम्हाला. मंग तेच शिका की नव्यानं."

म्हणून तो दोन हजार चार साली जालन्यात, गांधीचमनजवळच्या एका डिझाइन स्टुडिओत शिकाऊ म्हणून लागला. पगार नव्हता, जाण्यायेण्याचा खर्च तेवढा मिळायचा. सकाळी भोकरदनहून एसटी, संध्याकाळी परत. दिवसभर पडद्याकडं बघून डोळे चुरचुरायचे आणि बसमध्ये बसायला मिळालं नाही तर पाय भरून यायचे. बरोबरचे शिकाऊ त्याच्या पोरांच्या वयाचे. ते भराभर शिकून पुढं गेले. धर्मराज मात्र वहीत लिहून घ्यायचा, विसरायचा, पुन्हा विचारायचा.

शिकवायला बेबीनंदा होती. वय जेमतेम पंचवीस, पण स्टुडिओतलं छपाईला जाणारं प्रत्येक काम तिच्या नजरेखालून जायचं. ती त्याला काका म्हणायची, तो तिला ताई.

पहिल्या आठवड्यातच दोघांची गाडी ब्लीडवर अडली होती.

"पान ए-फोर हाय ना ताई? मंग मी ए-फोरच केलंय."

"पान ए-फोरच, काका. पण मागचा रंग चारी बाजूंनी तीन-तीन मिलिमीटर बाहेर काढा."

"अन् ते बाहेरचं?"

"ते कापून टाकतात."

"कापूनच टाकायचं तर छापायचं कशाला?"

बेबीनंदानं कपाटातून एक जुनं पत्रक काढून त्याच्या हातात दिलं. हिरव्या रंगाच्या कडेला दोऱ्याएवढी पांढरी रेघ उमटली होती. "कटिंग मशीनची पाती केसभर तरी इकडंतिकडं होतीच. रंग कडेशीच संपला की असं होतं. बाहेरून आणला तर पाती कुठंबी पडू द्या, रंगावरच पडती. अन् अक्षर मात्र कडेपासून आत ठेवायचं, न्हाईतर तेच कापलं जातं."

खिळ्यांच्या छपाईत कागदाच्या कडेपर्यंत शाई कधी गेलीच नव्हती. चौफेर कोरा समास सोडायचा, हे त्याच्या हाडात मुरलेलं. कागदाबाहेर काम करायचं ही गोष्ट गळी उतरायला त्याला बराच वेळ लागला.

पावसाळ्याच्या तोंडावर त्याला पहिलं स्वतःचं काम मिळालं. धावड्याच्या कडूबांची मिरचीच्या रोपांची नर्सरी होती. त्यांना एक पत्रक हवं होतं. वरच्या अर्ध्या पानावर लालबुंद मिरच्यांनी लगडलेल्या झाडाचं चित्र, पार कडेपर्यंत, आणि खाली रोपांची माहिती. कडूबा साठीचे, डोक्याला फेटा, बोलणं रोखठोक. त्यांच्या नातवानं ईमेलनं फोटो पाठवला होता.

धर्मराजनं फोटो फोटोशॉपमध्ये उघडला, रेझोल्यूशनच्या रकान्यात तीनशे टाकले आणि माप मोठं केलं. आकडा बरोबर आला. बेबीनंदानं चित्र जवळ आणून दाखवलं तेव्हा मिरचीच्या जागी लाल चौकड्यांचा चिखल दिसत होता.

"काका, आकडा तुम्ही टाकला, पण फोटोत ठिपके होते तेवढेच हायेत. सहाशे चाळीस आडवे. छपाईला इंचाला तीनशे लागतात, म्हणजे हा फोटो दोन इंचाला पुरतो. तुम्हाला पाहिजे साडेआठ इंच. मधले ठिपके कॉम्प्युटरनं अंदाजानं भरले."

"मंग आता?"

"नवा फोटो लागतो."

तोवर त्यानं पान लावून ठेवलं होतं. ब्लीड बाहेर काढला होता, जुनं चित्र आरजीबीतून, म्हणजे पडद्याच्या रंगांतून, सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांत बदलून घेतलं होतं, वहीतल्या कामांच्या यादीत त्या ओळीवर खूणही केली होती. आता चित्रच बदलायचं होतं. कडूबा दोन दिवसांनी भोकरदनच्या फोटोवाल्याकडून काढलेला पोस्टकार्डएवढा छापील फोटो घेऊन आले. फोटो चांगला होता. धर्मराजनं तो सहाशेवर स्कॅन केला, म्हणजे दुप्पट मोठा केला तरी तीनशे उरतात, आणि जुन्याच्या जागी बसवला. कडूबांना पडद्यावर दाखवला.

"ह्याला म्हणते मिरची!" कडूबा खूश झाले. "अशीच छापा. बिलकुल अशीच."

बेबीनंदा त्या दिवशी सुट्टीवर होती. स्टुडिओच्या मालकांनी, म्हणजे सरांनी, पान वरवर बघितलं, अक्षरं वाचली आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मराजनं पेजमेकरमध्ये लावलेल्या पानाची फाइल आणि चित्र सीडीवर उतरवलं आणि तो नव्या जालन्यातल्या, छपाईच्या प्लेटांसाठी फिल्म काढून देणाऱ्या दुकानात गेला. ऊन मरणाचं होतं. आदल्या रात्री भावाकडं पाव्हणे आले होते, झोप झाली नव्हती. दुकानातल्या बाकावर त्याला डुलकी लागली.

कचरूनं, फिल्मच्या मशीनवरच्या माणसानं, त्याला हलवलं. "काका, बघून घ्या."

दिव्याच्या टेबलावर चार फिल्म पसरल्या होत्या. निळ्याची, गुलाबीची, पिवळ्याची, काळ्याची. दिसायला चारही काळ्याच, कोणती कुठल्या शाईची ते कोपऱ्यात लिहिलेलं. कडेच्या खुणा एकमेकींवर नीट बसत होत्या, ब्लीडही खुणांच्या बाहेर गेला होता. धर्मराजला बरं वाटलं. मग त्यानं गुलाबीची फिल्म उचलून धरली. मिरचीचा लाल गुलाबी आणि पिवळ्यातूनच येतो, तेव्हा चित्र इथं गच्च दिसायला पाहिजे होतं. तिथं काहीच नव्हतं. अर्धं पान नुसतं पारदर्शक, पलीकडचा कचरूचा शर्ट दिसत होता. पिवळीवर तेच. निळीवर तेच. काळ्याच्या फिल्मवर मात्र झाड होतं, पानापानासकट, प्रत्येक मिरचीसकट.

"हे काय झालं, भाऊ?"

कचरूनं सीडीतलं चित्र उघडून बघितलं. "चित्र आरजीबीत राह्यलं. पेजमेकर त्याचे चार रंग करत न्हाई, सगळं काळ्यावर टाकतो. असंच छापलं असतं तर मिरची ब्लॅक अँड व्हाइट आली असती."

धर्मराजनं फिल्म टेबलावर ठेवली. चूक कुठं झाली ते त्याला लगेच कळलं. सीएमवायके केलं होतं ते जुनं चित्र. स्कॅनरमधून आलेलं नवं चित्र आरजीबीच येतं, आणि त्यानं वहीतली खूण बघून ते झालंय असं धरलं होतं. चार फिल्म वाया गेल्या. संध्याकाळच्या आत प्लेटा बनल्या नाहीत तर छापखान्याच्या मशीनवर दुसऱ्याचं काम चढणार होतं. त्याला राग आला नाही, रडूही आलं नाही. फक्त वाटलं, सीडी इथंच ठेवावी आणि सरळ स्टँडवर जाऊन बसावं.

मग त्यानं समोरच्या एसटीडीवरून स्टुडिओत फोन लावला. बेबीनंदानं सगळं ऐकून घेतलं.

"कचरूभाऊकडं फोटोशॉप हाय. चित्राची एक कॉपी ठेवून रंगाचा मोड तिथंच बदला. पेजमेकरमध्ये ते चित्र पुन्हा जोडा. मग चारी फिल्म नव्यानं काढायला सांगा."

"सरांना तुम्ही सांगता का, ताई?"

"न्हाई काका. ते तुम्हीच सांगा."

कचरूनं खुर्ची रिकामी करून दिली. धर्मराजनं मोड बदलला आणि डोळ्यांसमोर मिरची विझली. लालबुंद होती ती विटकरीकडं झुकली, कोवळी हिरवी पानं मळकट झाली. त्याला वाटलं, आणखी काहीतरी बिघडलं.

"न्हाई, बराबर हाय," कचरू म्हणाला. "पडद्यावरचा रंग शाईत येत न्हाई. येईल तेवढाच येतो."

आणि कालच कडूबा म्हणाले होते, अशीच छापा.

फिल्म काढायला टाकून गप्प बसता आलं असतं. छापून झाल्यावर जे व्हायचं ते झालं असतं. पण कडूबा आज जालन्यातच होते, छापखान्यात पत्रकाची वाट बघत बसले होते. धर्मराजनं कचरूकडून बदललेल्या चित्राचा एक रंगीत प्रिंट काढून घेतला आणि उन्हातून छापखाना गाठला.

कडूबांनी प्रिंट हातात धरला, लांब केला, जवळ आणला.

"ही आमची मिरची न्हाई. ही तर सुकून राह्यली."

"मामा, काल तुम्ही काचेवर बघितली. काच आतून उजेड टाकते, तिचा लाल उजेडाचा असतो. कागदाला उजेड न्हाई. शाई जेवढी देते तेवढंच."

"मंग काल काहून न्हाई सांगितलं?"

ह्यावर सांगण्यासारखं पुष्कळ होतं. वय, बस, डोळे, झोप. धर्मराज म्हणाला, "काल मला ठाऊक नव्हतं. आत्ता फिल्मवाल्याकडं कळलं."

कडूबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"छापखान्यात पंचवीस वर्षं होते तुम्ही, म्हणलं कोणीतरी."

"ते दुसरं काम होतं, मामा. तिथं काळी शाईच जास्त."

कडूबांनी प्रिंट घडी करून खिशात टाकला. "रविवारी धावड्याला रोपांसाठी लोक यायचेत. आता मागं फिरून काय होतं? छापा. पण पुढच्या बारीला आधी कागदावर दाखवा, मंगच हो म्हणीन."

दुपार कलताना नव्या फिल्म आल्या. धर्मराजनं गुलाबीची पहिल्यांदा उचलली. मिरच्या होत्या. प्लेटा बनल्या, पत्रकं मशीनवर चढली. रंग फिक्कटच आला, पण कडेला कुठं पांढरी रेघ नव्हती.

स्टुडिओत परतल्यावर त्यानं मालकांना सगळं सांगितलं, फिल्म वाया गेल्यासकट. मालक ओरडले नाहीत. कपाळावर हात फिरवत म्हणाले, "पुढचे काही दिवस स्वतंत्र काम नको. बेबीनंदाच्या हाताखालीच करा. ती बघेल, मगच फाइल बाहेर जाईल."

धर्मराज हो म्हणून बाहेर आला. महिनाभर धडपडून मिळवलेलं काम हातातून गेलं होतं. ह्याचं वाईट वाटायला पाहिजे, असं त्याला वाटत होतं. पण खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं. उद्या कोणीतरी शेजारी बसणार, चूक झाली तर दुसरे दोन डोळे असणार. एवढ्यावर खूश होणारा माणूस आपण कधी झालो, हा विचार त्याच्या मनात आला, आणि त्यावर डोकं चालवायची ताकद त्याच्यात उरली नव्हती.

बसला गर्दी होती. राजूरपर्यंत तो दांडीला धरून उभा राहिला. राजूरला एक बाई पोरं घेऊन उतरली आणि खिडकीची जागा मिळाली. बसल्याबसल्या त्याची मान कलली. भोकरदनच्या स्टँडवर सगळी बस रिकामी झाली, तेव्हा कंडक्टरनं येऊन त्याला उठवलं.