अर्धं पोतं मुंबईचं

मी तीस वर्षांची होते तेव्हा मला सगळं कळत होतं. आता ऐंशीच्या घरात आल्यावर काय कळतं, काय नाही, याची खात्री देता येत नाही. पण तिशीतली ती बाई आज माझ्यासमोर आली तर तिला मी उठाबशा काढायला लावीन, एवढं नक्की.

ती बाई जालन्याच्या एका शाळेत गणित शिकवायची. नवराही मास्तर, पण दुसऱ्या शाळेत. घरी दुपारी वर्तमानपत्र यायचं. नवरा पहिलं पान वाचायचा, ही शेवटून दुसरं. तिथं शेअरचे भाव बारीक अक्षरांत असायचे. ते वाचताना ती चष्मा कपाळावर चढवायची. चष्म्याशिवाय तिला दिसायचं कमी, पण तसं केल्यानं माणूस विचारात पडल्यासारखा दिसतो, असा तिचा समज होता.

साल चौऱ्याहत्तर. जालना अजून जिल्हा झाला नव्हता. वडीगोद्रीला माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, एकट्या राहायच्या. कालव्यासाठी सरकारनं त्यांच्या शेताची एक पट्टी घेतली आणि मोबदल्याचे पाच हजार रुपये दिले. आत्याबाईंच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती: बांधाला लागून असलेला शेजाऱ्याचा तुकडा घ्यायचा. शेजारी मुलाकडे कायमचा औरंगाबादला जाणार होता. सहा हजार मागत होता. हजार कमी पडत होते.

"दिवाळीपोत्तर थांबतो म्हन्ला," आत्याबाई म्हणाल्या. "तवर हजार कुठून आनू? बकऱ्या इकल्या तरी दोनशेच्या वर जात न्हाईत."

आणि ती गणिताची बाई म्हणाली, "आत्याबाई, पाच माझ्याकडे द्या. दिवाळीला सहा आणून देते."

"दामदुप्पट करनाऱ्या बुवाकडं चालली का काय?"

"शेअर घ्यायचे. कंपनीचा हिस्सा. भाव वाढला की विकायचे."

"म्हंजी सरकी भरून ठिवल्यावानी?"

"अगदी तसंच," मी म्हणाले. हे 'अगदी तसंच' पुढं मला फार महाग पडलं.

जुन्या मोंढ्यात सरकी-ढेपेचा एक व्यापारी होता. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. त्याच्या पेढीवर फोन होता आणि मुंबईच्या एका शेअरदलालाचं कामही तो कमिशनवर बघायचा. पाच हजारांत पन्नास रुपयांचे शंभर शेअर आले असते. शंभर शेअरवर हजार मिळायला भाव साठावर जायला हवा होता. मी गादीवर बसून हे तोंडी सांगितलं. व्यापारी खूश झाला.

"बाई, तुम्ही हुशार आहात म्हणून सांगतो. दोनशे घ्या. पाच हजार तुमचे, पाच हजार दलाल घालतो. महिन्याला दीड टक्का व्याज. भाव पंचावन्न झाला तरी तुमचे हजार सुटले."

"आणि पडला तर?"

"कागद दलालाकडे राहणार. मालाच्या किमतीत तुमचा वाटा आज निम्मा आहे. तो एक तृतीयांशाच्या खाली गेला, की दलाल कळवणार. मग पैसे भरून पुन्हा निम्म्यावर आणायचा. नाही भरले तर तो विकून आपले पैसे मोकळे करणार. याला मार्जिन म्हणतात. इथं सही करा, आणि शेअर दुसऱ्याच्या नावावर करायच्या या फॉर्मांवर."

मी सह्या केल्या. कोऱ्या फॉर्मांवरसुद्धा. वर्गात कोऱ्या कागदावर नाव लिहून उत्तरपत्रिका देणाऱ्या पोरांना मी छडी मारत असे.

मला भीती वाटली नाही, त्याला कारण होतं. माझे वडील भोकरदनच्या बाजूचे शेतकरी. मोंढ्यातला त्यांचा आडत्या पोत्यांवर उचल द्यायचा, पोती स्वतःच्या गोदामात ठेवायचा आणि भाव पडला असेल तर म्हणायचा, "थांबा पाटील, जल्दी काय आहे? माल कुठं पळून चाललाय?" महिना, दोन महिने, कधी पुढच्या हंगामापर्यंत थांबायचा. दलाल म्हणजे मुंबईचा आडत्या, कागद म्हणजे पोती, अशी माझी समजूत. नवऱ्याला यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं प्रश्न विचारले असते, आणि प्रश्न विचारायचं काम माझं होतं.

एप्रिलमध्ये शेअर घेतले. जूनमध्ये भाव छप्पन्न झाला.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पेढीवर गेले. व्यापाऱ्यानं हिशोब मांडला. दोनशेचे अकरा हजार दोनशे. त्यातून दलालाचे पाच हजार, व्याजाचे दीडशे आणि दलालीचे शंभर गेले. उरले पाच हजार नऊशे पन्नास.

"विकू का, बाई?"

पन्नास रुपये कमी होते. पन्नास! माझ्या पगारातून घातले असते तर आत्याबाईंचा तुकडा त्या संध्याकाळी झाला असता. पण मला ते शेअरनंच मिळवून द्यायला हवे होते. शिवाय साठ झाला तर विहिरीवर इंजिनही बसेल, असा एक विचार घरून निघतानाच पदराला बांधून आणला होता.

"थांबू या," मी म्हणाले. त्या महिन्यात हा शब्द बोलायचा हक्क माझा होता. पुढच्या महिन्यात तो राहिला नाही.

जुलैत सरकारनं कंपन्यांनी वाटायच्या लाभांशावर मर्यादा घातली. महागाई रोखायला म्हणे. मी बातमी वाचली आणि चष्मा कपाळावर चढवला. माझ्या कंपनीचा कारखाना चालू होता, माल खपत होता. मग भाव कशाला पडेल? भावाला माझं म्हणणं कुणी कळवलं नाही. पन्नास, पंचेचाळीस, चाळीस. मग पस्तीस.

दलालाची तार पेढीवर आली. व्यापारी ती घेऊन शाळेच्या फाटकाशी उभा राहिला. हा माणूस पेढी सोडून कधी बाहेर पडलेला मी पाहिला नव्हता.

"बाई, माल सात हजारांचा राहिला. पाच त्याचे, दोन तुमचे. तिसरा हिस्सासुद्धा उरला नाही. पंधराशे भरा. म्हणजे त्याचे साडेतीन हजार राहतील, तुमचे साडेतीन. चार दिवसांत."

"भाव पडलाय म्हणून तर थांबायचं. त्यांना सांगा ना, दिवाळीपर्यंत थांबा."

"बाई, मुंबईत कोणी थांबत नाही."

"का? माल तर त्यांच्याकडेच आहे."

"माल आहे म्हणूनच. आज विकला तर त्याचे पाच हजार निघतात. भाव पंचवीसच्या खाली गेला तर निघत नाहीत. तुमचं नुकसान व्हावं म्हणून नाही, बाई. स्वतःच्या भीतीपायी तो घाई करून राह्यला. तार करा, पैसे तारेनं पाठवा, बिलकुल उशीर करू नका."

नवऱ्याचे पोस्टात सोळाशे रुपये होते. एक फॉर्म, त्याची एक सही. त्या रात्री मी त्याला भाकरी वाढली, वांग्याची भाजी वाढली आणि फॉर्मचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर आधी पाच हजारांचं सांगावं लागलं असतं. मला वाटलं, एक चांगलं पत्र लिहिलं की भागेल.

ते पत्र आठवलं की अजून कान तापतात. दोन पानं, वळणदार अक्षर, 'सप्रेम नमस्कार'. मी एक शिक्षिका असून माझे वडील प्रामाणिक शेतकरी होते. आमच्याकडील आडते भाव वाढेपर्यंत माल ठेवतात, तरी आपणही कृपया ठेवावा. पंधराशे रुपये मागणाऱ्याला मी वडिलांचा प्रामाणिकपणा पाठवला, तोही साध्या टपालानं.

पत्र मुंबईला पोचलं की नाही, देव जाणे. पाचव्या दिवशी भाव तीस होता आणि दलालानं दोनशेच्या दोनशे विकले. सहा हजार आले. पाच हजार त्याचे, चार महिन्यांचं व्याज तीनशे, दलाली साठ. माझ्या हातात सहाशे चाळीस रुपये पडले.

भाव शंभरातले चाळीस पडला होता. आत्याबाईंचे शंभरातले सत्त्याऐंशी गेले होते. हे गणित मी नंतर कित्येकदा करून पाहिलं. दर वेळी बरोबर आलं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "पोस्टातले होते की." पंधराशे भरले असते तर तिसाच्या भावालाही माझा वाटा तिसऱ्या हिश्श्याच्या वर राहिला असता आणि शेअरना कुणी हात लावला नसता. पुढच्या वर्षा-दोन वर्षांत त्या शेअरचा भाव पुन्हा पन्नासवर गेला. मी तेव्हाही रोज ते पान वाचत होते. मेलेल्याच्या नावचं पत्र उघडल्यासारखं.

रविवारी वडीगोद्रीला गेले. आत्याबाई अंगणात तुरी पाखडत होत्या. मी सहाशे चाळीस त्यांच्यासमोर ठेवले.

"बाकीचे?"

"गेले."

"आन् कागद?"

"विकले."

"कोनी?"

"ज्याच्याकडे ठेवले होते त्यानं."

"तुला न इचारता?"

"विचारलं होतं. पैसे भरा म्हणाला. मी... पत्र लिहिलं."

सूप थांबलं. ही बाई कधी शाळेत गेली नव्हती. आकडे ती बोटांच्या पेरांवर मोजायची.

"पोती भरताना त्याचेबी पैसे घातल्ते का तू?"

"अर्धे."

"मंग तसं म्हन की. म्या इचारलं, सरकी भरून ठिवल्यावानी का, तू म्हन्लीस अगदी तसंच." त्यांनी तुरीतला एक खडा वेचून बाजूला टाकला. "अगं, आपल्या पोत्याला आडत्या थांबतो. अर्धं पोतं त्याचं असल्यावर तो कशाला थांबंल? भाव पडला की आधी आपलं अर्धं सडतं, त्याचं न्हाई. त्याचं सडायच्या आत तो पोतं इकनारच. यात शिकल्यालं काय लागतं?"

एवढं बोलून त्या पुन्हा पाखडू लागल्या. मला शिव्या हव्या होत्या. त्यांनी चहा केला.

थांबला तो एकटा शेजारी. दिवाळीला थांबला, संक्रांतीपर्यंत थांबला. आत्याबाईंनी स्वतः जाऊन "आता नका थांबू" म्हणून सांगेपर्यंत थांबला. मग त्यानं तुकडा शहागडच्या एका ट्रकवाल्याला दिला. काही वर्षांनी कालव्याला पाणी आलं. आत्याबाईंच्या उरलेल्या शेतापर्यंत पाण्याची चारी पोचली नाही, तुकड्यापर्यंत पोचली. ट्रकवाल्यानं ऊस लावला.

पुढं आत्याबाई आमच्याकडे जालन्याला राहायला आल्या. वर्षातून दोनदा आम्ही एसटीनं वडीगोद्रीला जायचो. त्या हटकून खिडकीशी बसायच्या, आणि तो ऊस आला की खिडकीकडचं तोंड माझ्याकडे वळवायच्या. उसाकडे नाही, माझ्याकडे बघायच्या. रागानं नव्हे. वर्गात चुकलेल्या पोरीकडे मी बघायचे तसं. तिनं स्वतःच उत्तर सांगावं म्हणून वाट बघत.

मी दर वेळी पिशवीत काहीतरी शोधू लागायचे.