घड्याळ कधी थांबवायचं

आमच्या हॉस्पिटलात सगळे दोघांनाच घाबरत: मोठ्या सर्जनांना आणि ऑटोक्लेव्हला. सर्जन निदान ओरडून मोकळे होत. अवजारं वाफेवर निर्जंतुक करणारं ते एकुलतं एक यंत्र रुसलं, की ऑपरेशनची सगळी यादीच रद्द. त्याच्या देखभालीचा वार्षिक करार एका कंपनीशी होता, आणि असले करार सांभाळणं माझं काम. ऐंशी साल नुकतंच मागे पडलं होतं.

‘तक्रारीनंतर चार तासांत प्रतिसाद’, असं करारात छापलेलं होतं. कंपनीने ते एकदाही मोडलं नाही. इंजिनिअर वेळेत यायचा, गेटवरच्या वहीत सही करायचा. मग आपल्याकडची रीत. आधी पाणी, मग चहा, घरच्यांची चौकशी. त्यानंतर तो यंत्राचं दार उघडायचा आणि म्हणायचा, “गॅस्केट गेलं बाई, दाराचं रबर. मुंबईहून बोलवा लागते.” प्रतिसाद वेळेत आणि यंत्र बंद.

भिवापूरची एक शेतकरी बाई हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दोनदा उपाशीपोटी थांबून दोनदा घरी परत गेली. दुसऱ्यांदा जाताना तिने मला सरळ विचारलं, “होत नाही तं बोलावता काहून मले?” मला भयंकर राग आला, आणि रागात मी बरं लिहिते.

कराराच्या नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा अधीक्षक डॉक्टर म्हणाले, “येतात तर बिचारे वेळेवर. सही करून टाकू.” मी म्हटलं, “साहेब, एक परिशिष्ट जोडते. पटलं नाही तर फाडून टाका.”

परिशिष्ट दीड पानाचं झालं. त्यात येणं वेगळं आणि दुरुस्ती वेगळी. येण्याला चार तास, दुरुस्तीला चोवीस. आमचा फोन घेऊन कंपनी तक्रार क्रमांक देईल तेव्हा घड्याळ सुरू. इंजिनिअर यंत्रापाशी पोचला की आला, गेटपाशी नव्हे. दुरुस्तीनंतर यंत्र चालवून चाचणीच्या पट्टीवर पुरेशी वाफ लागल्याच्या काळ्या रेघा उमटल्या आणि सिस्टर व इंजिनिअर दोघांनी सही केली, की घड्याळ बंद. चोवीस तासांत जमणार नसेल तर तेवढ्याच वेळात पर्यायी यंत्र आणून चालू करायचं. तेही नाही, तर त्या तिमाहीच्या बिलातून कपात, आणि एका तिमाहीत तीनदा चुकले तर करार मोडायचा हक्क आमचा.

कंपनीचे मॅनेजर कुरकुरले, पण त्यांनी मागितलं एकच: आमच्यामुळे त्यांचा खोळंबा झाला तर तेवढा वेळ मोजायचा नाही. रास्त होतं. मी तिथेच लिहून घेतलं.

पहिल्याच बिघाडात तेच कलम आमच्यावर उलटलं. इंजिनिअर वेळेत आला, तर ऑटोक्लेव्हच्या खोलीला कुलूप. किल्ली सिस्टरच्या पदराला, आणि सिस्टर एका बाईच्या अडलेल्या बाळंतपणात गुंतलेली. दुरुस्ती चोवीस तासांच्या थोडी पुढे गेली. डॉक्टर खूश झाले, “लावा कपात.”

“नाही लागत साहेब. खोळंबा वजा केला तर ते वेळेत आहेत.”

“तुम्ही कोणाच्या बाजूच्या?”

“परिशिष्टाच्या,” मी म्हटलं. ते फाइल माझ्याकडे सरकवून निघून गेले. मला काही वाटलं नाही. आपलं मोजमाप आपल्याच सोयीने वाकवलं, तर पुढे त्याला कोण विचारणार? त्या खोलीची दुसरी किल्ली मात्र त्याच दिवशी करून घेतली.

उन्हाळ्यात ऑटोक्लेव्हचा हीटर जळाला. इंजिनिअर चार तासांच्या आत येऊन पाहून गेला. दुसऱ्या दिवशीच्या यादीत भिवापूरची बाई होती, तिसऱ्यांदा. सकाळी सिस्टर म्हणाली, “घरी पाठवू का तिला? पुन्हा उपाशी बसली आहे.” मी म्हटलं, पाठवू नका. चोवीस तास भरायला अजून वेळ होता.

थोड्याच वेळात इंजिनिअर टेम्पोतून उतरला. सोबत कंपनीच्या वर्कशॉपमधला छोटा ऑटोक्लेव्ह. मी पाणी मागवलं तर म्हणाला, “चहापाणी मंग, बाई. घड्याळ चालून राहिलं ना. त्या किल्लीच्या वेळी तुम्ही खरं बोलल्या, तवाच आमच्या साहेबानं सांगून ठेवलं, या बाईचं घड्याळ पाळा लागते.”

यंत्र जोडलं, चालवलं. मी तिथेच उभी राहिले. पट्टीवर रेघा उमटल्या, दोघांनी सह्या केल्या, आणि मी स्वतः वॉर्डात गेले.

ती पिशवी आवरून, चपला घालून खाटेच्या कडेला बसली होती.

“चपला काढा,” मी म्हटलं. “आज होते.”